वांग्याचे काप आणि कुरकुरीत भेंडी: पोटात नेमकं किती तेल जातं, ते घरी कसं मोजायचं

१०० ग्रॅम कच्च्या वांग्यात जेमतेम २५ कॅलरी असतात आणि तेवढ्याच भेंडीत ३३ च्या आसपास. तेलाच्या एका ग्रॅमला मात्र ९ कॅलरी. म्हणजे तळलेल्या वांग्याचा किंवा भेंडीचा हिशोब हा जवळजवळ पूर्णपणे तेलाचाच हिशोब असतो. नेमका तोच आकडा कुठे मिळत नाही. पाककृतीत ‘तळण्यासाठी तेल’ किंवा ‘गरजेनुसार तेल’ एवढंच लिहिलेलं असतं. फोनवरच्या ॲपमध्ये ‘भेंडी फ्राय’ शोधलं तर समोर येणारा आकडा दुसऱ्याच कुणाच्या तरी कढईचा असतो. तुमच्या तव्यावर, तुमच्या जाडीच्या कापांनी किती तेल घेतलं, हे तुम्हालाच मोजावं लागेल. ते अवघड नाही. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ५ किलोपर्यंत वजन पेलणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो.

वजन तेलाचं करायचं, भाजीचं नाही

कच्ची भाजी तोलायची, तळून झाल्यावर पुन्हा तोलायची आणि फरक म्हणजे शोषलेलं तेल, असं पहिल्यांदा सुचतं. ही रीत चुकीची आहे. वांगं आणि भेंडी, दोन्हींत दहा भागांपैकी नऊ भाग पाणीच असतं. तळताना ते वाफ होऊन निघून जातं आणि त्याच वेळी तेल आत येतं. पाणी जातं भरपूर, तेल येतं त्याहून कमी, त्यामुळे भाजीचं वजन उलट घटतं. ते घटलेलं पाहून ‘हिने तेल घेतलंच नाही’ असा समज होतो.

तेलाकडून मोजलं की हा घोळ राहत नाही. भाजीतून निघालेलं पाणी वाफेबरोबर जातं, तेलात साठत नाही. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या तेलाच्या वजनातला फरक हा खरोखर तेलाचाच असतो. त्यातून कागदावर उतरलेलं, झाऱ्याला आणि तव्याला चिकटलेलं तेल वजा केलं, की उरतं ते ताटातलं.

मोजायचं ग्रॅममध्येच, मिलिलिटरमध्ये नाही. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं आणि तापल्यावर तेल फुगतं. १८० अंशांपर्यंत तापलेलं तेल थंड तेलापेक्षा सुमारे दहावा हिस्सा जास्त जागा व्यापतं. कोमट तेल मापात ओतून ‘फारसं कमी झालं नाही’ असं वाटतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. वजन मात्र तापमानाने बदलत नाही.

चमच्याने मोजायची सवय असेल तर एवढं लक्षात ठेवा: ५ मिलिलिटरचा छोटा चमचा म्हणजे साडेचार ग्रॅम, सुमारे ४० कॅलरी. १५ मिलिलिटरचा मोठा चमचा म्हणजे साडेतेरा ग्रॅम, सुमारे १२० कॅलरी. तेलाच्या डब्यातल्या पळीचं मात्र ठरलेलं माप नसतं. काट्यावर वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा आणि नेहमी घेता तशी एक पळी तेल त्यात ओता. दिसेल तो आकडा डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवा. रोजच्या फोडणीचा अंदाज तेवढ्यावर सुधारतो.

वांगं तेल का पितं

वांग्याचा गर स्पंजासारखा असतो. त्याच्या पेशींमध्ये हवेने भरलेल्या असंख्य पोकळ्या असतात, म्हणूनच अख्खं वांगं पाण्यावर तरंगतं. काप तव्यावरच्या तेलात ठेवला की गर शिजण्याआधीच या पोकळ्यांमध्ये तेल शिरायला लागतं. मिनिटाभरात तवा कोरडा दिसतो. इथेच बहुतेकांचा हात बाटलीकडे जातो आणि सगळा हिशोब बिघडतो, कारण दुसऱ्यांदा घातलेलं तेलही त्याच पोकळ्यांत जातं.

थांबलात तर वेगळंच दिसतं. आच मध्यम करून वर झाकण ठेवलं की तीन-चार मिनिटांत पेशी मऊ पडतात, पोकळ्या मिटतात, काप पातळ होतो आणि आत गेलेल्या तेलातलं थोडं पुन्हा तव्यावर येतं. कडेने परत चुरचुर ऐकू येते. कोरडा दिसणारा तवा तेल संपल्याची खूण नव्हे. वांगं अजून शिजलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तेल आत शिरण्याची दुसरी वेळ येते ती तळून झाल्यावर, आणि ती वांगं, भेंडी, बटाटा सगळ्यांनाच लागू आहे. तळण चालू असताना आतून वाफ जोराने बाहेर येत असते आणि ती तेलाला आत येऊ देत नाही. तुकडा बाहेर काढला की तो थंड व्हायला लागतो, आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून बाहेर काढल्यानंतरचं पहिलं अर्धं मिनिट फार महत्त्वाचं. तेल गरम असताना पातळ असतं, पटकन निथळतं. थंड झालं की दाट होतं आणि तिथेच मुरतं.

चार माणसांचे काप, काट्यावर

भरताचं मोठं वांगं घ्या. देठ काढून ४०० ग्रॅम भरलं असं धरू. आठ मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा, साधारण बारा होतील. हळद, तिखट, मीठ लावून तांदळाचं पीठ आणि रवा यांच्या मिश्रणात घोळवा. पीठ ताटलीत तोलून घ्या आणि उरलेलं पुन्हा तोला. फरक ३० ग्रॅम आला, तर तेवढं कापांना चिकटलं.

आता तेल. कोरडा तवा तोलून वजन लिहून ठेवा. कागदाची घडीही तोला. तेलाची बाटली झाकणासकट काट्यावर ठेवा. समजा ९०५ ग्रॅम भरली. मग नेहमीसारखे काप करा, हात आखडता घेऊ नका, कारण रोज जे होतं तेच मोजायचं आहे. मात्र सगळं तेल त्याच बाटलीतून घाला.

काप झाल्यावर बाटली ८३३ भरली. म्हणजे ७२ ग्रॅम तेल बाहेर आलं. कागद आधी ४ ग्रॅम होता, आता १० आहे. ६ ग्रॅम त्यात गेलं. तवा पूर्ण थंड झाल्यावर तोलला तर मूळ वजनापेक्षा ९ ग्रॅम जास्त भरला. त्यात थोडं जळकं पीठही असतं, पण एवढी चूक चालून जाते. ७२ मधून ६ आणि ९ वजा केले की उरतात ५७ ग्रॅम. हे कापांमधलं तेल. आजूबाजूला उडालेले शिंतोडे मोजता येत नाहीत. ते पोटात गेलं असंच धरावं, म्हणजे अंदाज चुकलाच तर जास्तीच्या बाजूला चुकेल.

कॅलरी मांडू. तेलाच्या ५७ गुणिले ९, म्हणजे ५१३. वांग्याच्या १००. पीठ-रव्याच्या ३० ग्रॅमला ग्रॅमामागे साडेतीन धरून १०५. एकूण झाल्या ७१८, म्हणजे एका कापाला ६०, आणि त्यातल्या ४३ नुसत्या तेलाच्या. माणशी तीन काप वाढले तर १८० कॅलरी आणि १४ ग्रॅम तेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचवलेल्या २००० कॅलरींच्या ताटात दिवसभरासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. म्हणजे आमटीची फोडणी आणि पोळीवरचं तूप बाजूला ठेवलं, तरी अर्धा वाटा या तीन कापांतच संपतो.

हे आकडे पद्धत कळावी म्हणून घेतलेल्या उदाहरणाचे आहेत. वांग्याची जात, कोवळेपणा, कापांची जाडी आणि तुमचा हात यांप्रमाणे तुमचे वेगळे येतील. दोन-तीनदा मोजलं की तुमच्या घरच्या एका कापाचा आकडा ठरून जातो आणि पुढे काटा काढायची गरज उरत नाही.

पोकळ्या आधीच मिटवा

तेल कमी करायला सगळ्यांत जास्त उपयोग होतो तो काप तव्यावर जाण्याआधीच पोकळ्या मिटवण्याचा. नॉनस्टिक तवा किंवा महागडं तेल हे काम करत नाही.

पहिला उपाय मिठाचा. ४०० ग्रॅम चकत्यांना छोटा चमचाभर मीठ दोन्ही बाजूंनी चोळा आणि चाळणीत अर्धा तास ठेवा. पाणी सुटेल. एवढ्यावर थांबू नका, कारण नुसतं पाणी सुटल्याने पोकळ्या पुरत्या मिटत नाहीत. चकत्या स्वच्छ फडक्यात ठेवून तळहाताने दाबा. काप न तुटता लवायला लागला की काम झालं. कडकन मोडत असेल तर आणखी दहा मिनिटं ठेवा. यानंतर पिठात मीठ घालू नका, नाहीतर काप खारट होतील.

वेळ नसेल तर चकत्या मायक्रोवेव्हमध्ये ताटलीवर एकेरी पसरून चार-पाच मिनिटं फिरवा, किंवा मोदकपात्रात पाच मिनिटं वाफवा. दोन्ही प्रकारांत त्या बसतात, मऊ होतात. मग कोरड्या पुसून पिठात घोळवायच्या. वाफवलेला काप ओलसर असतो आणि जास्त पीठ धरतो. पीठ स्वतःही तेल पितं, म्हणून पुसणं टाळू नये. अशा कापाचा आतला गर कच्च्यावर भाजलेल्या कापाइतका लुसलुशीत राहत नाही, दाट लागतो. ज्यांना तो लुसलुशीतपणाच हवा असतो त्यांनी मिठाचा उपाय करावा.

तेल घालायची रीतही बदला. तव्याच्या मध्यभागी धार सोडली तर तिथला पहिला काप सगळं पिऊन घेतो आणि कडेचे कोरडे राहतात. मग त्या कडेच्यांसाठी पुन्हा तेल सोडलं जातं. त्याऐवजी एका तव्याला लागणारं तेल आधीच वाटीत मोजून घ्या, तवा तापल्यावर अर्धं सगळीकडे पसरवा, काप मांडा, झाकण ठेवून चार मिनिटं थांबा. उलटल्यावर उरलेलं अर्धं ब्रशने किंवा चमच्याने कापांच्या कडेने सोडा. वाटी रिकामी झाली की तेल संपलं, असं स्वतःशी ठरवून ठेवावं. शेवटची दोन मिनिटं झाकण काढून आच थोडी वाढवली की पीठ कुरकुरीत होतं.

भेंडी: पाणी आणि पातळ काप

भेंडीत वांग्यासारख्या पोकळ्या नसतात. ती तेल घेते ती मुख्यतः पृष्ठभागावर आणि पाणी निघून गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत. म्हणून जितके पातळ काप, तितका उघडा पृष्ठभाग जास्त आणि तेलही जास्त. अगदी बारीक चिरलेली कुरकुरीत भेंडी ही तेलाच्या दृष्टीने भेंडीचा सगळ्यांत महाग प्रकार आहे.

कढईतल्या तळणाचं मोजमाप असं करा. अर्धा किलो भेंडी अख्खी धुऊन, पूर्ण कोरडी करून मग चिरा. देठ-टोकं काढून ४४० ग्रॅम उरली असं धरू. कढई आणि तेल मिळून आधी तोला. समजा १४८० ग्रॅम. भेंडी चार घाण्यांत तळा. कढई पूर्ण थंड होऊ द्या. गरम कढई प्लॅस्टिकच्या काट्यावर ठेवली तर काटा वितळतो आणि तेल अंगावर सांडण्याचा धोका वेगळाच. नंतर तोललं तर १४०४ भरलं. म्हणजे ७६ ग्रॅम कमी झालं. त्यातलं ७ कागदावर आणि ३ झाऱ्या-चाळणीवर गेलं, तर भेंडीत ६६ ग्रॅम उरलं.

तळलेली भेंडी तोलली तर ती भरली २१० ग्रॅम. वजन निम्म्याहून कमी झालं आणि तरी आत ६६ ग्रॅम तेल आहे. म्हणजे जवळपास ३०० ग्रॅम पाणी उडून गेलं. कॅलरी: तेलाच्या ५९४, भेंडीच्या १४५, एकूण सुमारे ७४०. चौघांत माणशी १८५. पण हाच आकडा १०० ग्रॅम तळलेल्या भेंडीमागे मांडला तर ३५० येतो, आणि कच्च्या भेंडीचा होता ३३. ही दहापट वाढ निम्मी पाणी आटल्यामुळे दिसते. म्हणून ताटातली तळलेली भाजी तोलून तिला कच्च्या भेंडीचा आकडा लावणं जितकं चुकीचं, तितकंच कच्च्या वजनाला तळलेल्या भेंडीचा आकडा लावणं चुकीचं. सगळ्या पातेल्याच्या कॅलरी काढा आणि खाणाऱ्यांत वाटा. यात फसायला जागा नाही.

तळताना घाणा काढायची वेळ बुडबुड्यांवरून ओळखावी. एक काप सोडल्यावर तो खाली जाऊन लगेच जोरदार बुडबुड्यांसह वर आला तर तेल तयार आहे; मापक असेल तर १७० ते १८० अंश. काप खालीच रेंगाळत असेल तर तेल थंड आहे, भेंडी जास्त वेळ तेलात राहील आणि तेलकट होईल. एकदम सगळी भेंडी टाकली तरी हेच होतं, कारण एवढं पाणी उकळवण्यात तेलाची उष्णता खर्ची पडते. बुडबुडे ओसरायला लागले की आतलं पाणी संपत आलं. त्याच क्षणी काढा. त्यानंतर तेलाला थोपवणारी वाफ उरत नाही.

काढलेला घाणा झाऱ्यावरच कढईवर धरून अर्धं मिनिट हलवा, मग कागदावर एकेरी पसरा. ढीग केला की खालची भेंडी वाफेने मऊ पडते आणि तेल निथळत नाही. मीठ, आमचूर, चाट मसाला हे सगळं नंतर.

तेल किती वेळा वापरलेलं आहे यावरही फरक पडतो. पुन्हापुन्हा तापवलेलं तेल दाट होतं, पदार्थाला जास्त चिकटतं आणि कमी निथळतं. गडद झालेलं, फेस धरणारं, लवकर धूर सोडणारं तेल त्यामुळे आरोग्याला वाईट आहेच, शिवाय जास्त प्रमाणात पोटातही जातं.

रोजची परतून केलेली भेंडी यापेक्षा खूप सोपी. कढईत घातलेलं जवळजवळ सगळं तेल भाजीतच जातं, म्हणून बाटली आधी आणि नंतर तोलली की झालं. त्याच ४४० ग्रॅम भेंडीला दोन मोठे चमचे, म्हणजे २७ ग्रॅम तेल घेतलं आणि ३ ग्रॅम कढईला राहिलं, तर तेलाच्या २१६ आणि भेंडीच्या १४५ मिळून ३६१ कॅलरी. माणशी ९०, तळलेल्या भेंडीच्या निम्म्या. इथे जास्तीचं तेल घातलं जातं ते बहुधा बुळबुळीतपणा घालवायला. तो ओलाव्यामुळे वाढतो, तेलाने जात नाही. भेंडी कोरडी चिरा, झाकण ठेवू नका, मीठ शेवटी घाला आणि मधेच दोन-तीन आमसुलं किंवा थोडा लिंबाचा रस टाका. आंबटाने चिकटपणा तुटतो आणि दोन चमचे तेल पुरतं.

भरल्या वांग्यांचा हिशोब बाटलीत मावत नाही

भरली वांगी शिजली की वर तेलाचा तवंग येतो. तो पाहून फोडणीत तेल फार पडलं असं वाटतं, पण ते सगळं बाटलीतलं नसतं. दाण्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग आणि सुक्या खोबऱ्याच्या वजनाचा त्याहूनही जास्त भाग तेलच असतं. ५० ग्रॅम दाण्याच्या कुटातून २४ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश येतो, पावणेदोन मोठे चमचे तेलाएवढा. म्हणून या भाजीत फक्त बाटलीचं वजन घेतलं तर हिशोब कमी येतो. कूट आणि खोबरं भरण्याआधी वेगळं तोलून त्यांच्या कॅलरी मांडाव्या लागतात: कुटाच्या ग्रॅमामागे पावणेसहा, सुक्या खोबऱ्याच्या ग्रॅमामागे साडेसहाच्या आसपास.

तवंग काढून ठेवायचा असेल तर भाजी दहा मिनिटं स्थिर ठेवा, कढई एका बाजूला कलती करा आणि वर आलेलं तेल डावेने तोललेल्या वाटीत घ्या. ते वजन एकूण तेलातून वजा करा. वाटीत मसाल्याचा रस आला असेल तर तो खाली बसेपर्यंत थांबून वरचंच तेल धरा. हे तेल टाकायची गरज नाही. दुसऱ्या दिवशीच्या आमटीला त्याचीच फोडणी द्या, फक्त त्या दिवशीच्या हिशोबात ते लिहा.